‘हॅपी गुरुपर्व’ पाठवण्याआधी: आज नेमकं कोणतं पुरब आहे?

आजचा भाग छोट्याशा गोष्टीवर आहे. एका मेसेजवर. तो मी पाठवला होता, चुकीचा पाठवला होता, आणि तो चुकलाय हे मला पाच तास कळलंच नव्हतं. बोललेलं थोडं नीटनेटकं करून इथे लिहिलंय, म्हणजे ज्यांना वाक्यं कॉपी करून ठेवायची आहेत त्यांना सोपं जाईल.

माझी एक मैत्रीण आहे. हॉस्टेलपासूनची. नाव सांगत नाही, तिनेच सांगितलंय की गोष्ट सांग, नाव नको. ती शीख आहे आणि नांदेडची आहे. म्हणजे मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. ‘कामून’ आणि ‘करायलीस’ एका दमात म्हणणारी. घरी पंजाबी, बाहेर मराठी.

आता 2025 चा नोव्हेंबर आठवा. 5 तारखेला कार्तिकी पौर्णिमा होती, म्हणजे आपली त्रिपुरारी पौर्णिमा. त्या दिवशी गुरू नानक देव जींचं गुरुपुरब असतं. मी सकाळी तिला ‘हॅपी गुरुपर्व’ पाठवलं. सोबत ढोल, दिवे, फटाके, सगळे इमोजी. तिचं उत्तर आलं, ‘थँक्यू गं!’ मस्त.

मग 25 तारीख आली. फोनच्या कॅलेंडरमध्ये दिसलं की आज गुरू तेग बहादुर जींचा दिवस. म्हटलं, अरे वा, महिन्यात दुसऱ्यांदा! वीस दिवसांपूर्वीचाच मेसेज वर सरकवून शोधला, फॉरवर्ड केला. तोच ढोल, तेच फटाके. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. मला वाटलं कामात असेल.

संध्याकाळी तिचा फोन आला. चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, ‘अगं, आज शहीदी पुरब आहे. तुमच्याकडे संभाजी महाराजांच्या बलिदान दिनाला कुणी ‘हॅपी’ म्हणतं का?’

मी गप्प. कारण हे इतकं सरळ होतं. गुरू तेग बहादुर जी हे शिखांचे नववे गुरू. 1675 साली औरंगजेबाच्या हुकमावरून दिल्लीत चांदणी चौकात त्यांचा शिरच्छेद झाला. काश्मिरी पंडितांवर धर्म बदलण्याची सक्ती होत होती, ते गुरूंकडे आले होते, आणि गुरूंनी त्यांच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं. ज्या जागी हे घडलं तिथे आज गुरुद्वारा सीस गंज साहिब आहे. त्यांच्यासोबतच्या तिघांना, भाई मती दास, भाई सती दास आणि भाई दयाला यांना, त्यांच्याआधी हाल करून मारलं गेलं. 2025 मध्ये या घटनेला 350 वर्षं झाली. आणि त्या दिवशी मी माझ्या मैत्रिणीला फटाक्यांचे इमोजी पाठवले होते.

ती म्हणाली, ‘तू एकटी नाहीस. आज सकाळपासून खूप जणांचे ‘हॅपी’ आलेत. सगळ्यांना मी ‘थँक्यू’ लिहिते. प्रत्येकाला समजावत कुठे बसू? तुला सांगितलं, कारण तू तू आहेस.’

तर आजचा भाग त्या फोननंतर मी तिला जे जे विचारलं, त्यातून तयार झालाय.

पहिली गोष्ट, शब्द. गुरुपुरब, पंजाबीत गुरपुरब, म्हणजे गुरूंचं पर्व. हे ‘पुरब’ म्हणजे पूर्व दिशा नाही, आपल्या ‘पर्व’ शब्दाचंच ते पंजाबी रूप. त्यामुळे मराठीत ‘गुरुपर्व’ म्हटलं तरी बरोबरच. फक्त एक करा, कीबोर्डवर लक्ष ठेवा. ‘गुरुप’ टाइप केलं की माझा फोन लगेच ‘गुरुपौर्णिमा’ सुचवतो, आणि माझ्या एका मावशीने खरोखरच नोव्हेंबरमध्ये एका शीख कुटुंबाला गुरुपौर्णिमेच्या शुभेच्छा दिल्या आहेत.

आता खरा मुद्दा. आपल्या डोक्यात गुरुपर्व म्हणजे गुरू नानक जयंती, एवढंच असतं, कारण सुट्टी त्या दिवशी असते. पण शिखांचे दहा गुरू, आणि प्रत्येक गुरूंच्या आयुष्यातले महत्त्वाचे दिवस हे सगळे गुरुपुरबच. जन्माचा दिवस तो प्रकाश पुरब. गुरुपदावर बसण्याचा दिवस तो गुरगद्दी. देह ठेवल्याचा दिवस तो जोती जोत, म्हणजे ज्योत ज्योतीत मिसळली. आणि दोन गुरूंच्या बाबतीत, पाचवे गुरू अर्जन देव जी आणि नववे गुरू तेग बहादुर जी, तो दिवस शहीदी पुरब असतो. म्हणजे ‘गुरुपुरब’ या एका शब्दात आनंदही आहे आणि बलिदानही. कॅलेंडरमध्ये नुसतं ‘गुरुपर्व’ वाचून मेसेज पाठवणं म्हणजे नुसतं ‘तिथी’ वाचून मेसेज पाठवण्यासारखं आहे. कसली तिथी?

म्हणून मी आता नावाच्या पुढचा शब्द बघते. ‘प्रकाश’, ‘जयंती’, ‘गुरगद्दी’ असं काही असेल तर शुभेच्छा. ‘शहीदी’ किंवा ‘बलिदान’ असेल तर अभिवादन. जोती जोत असेल तर ओळखीच्या लोकांत त्या दिवशी शुभेच्छांची देवाणघेवाण करावी असं काही नसतं. पाठवायचंच असेल तर प्रणाम पुरे. आणि काहीच कळत नसेल तर सरळ विचारायचं, ‘आज कोणतं पुरब आहे गं?’ मला आधी वाटायचं की असं विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल. मैत्रीण म्हणाली, ‘उलट मला बरं वाटतं. निदान विचारलंस तरी.’

आता वाक्यं. आनंदाच्या पुरबाला पंजाबीत काय म्हणतात? गुरू नानक देव जींचं उदाहरण घेऊ.

‘श्री गुरू नानक देव जी दे प्रकाश पुरब दियां लख लख वधाइयां.’

हे वाक्य पाठ करण्याआधी समजून घेतलं तर चुकणार नाही. ‘दे’ म्हणजे ‘च्या’. ‘दियां’ म्हणजेही ‘च्या’च, फक्त पुढे ‘वधाइयां’ हा स्त्रीलिंगी अनेकवचनी शब्द आहे म्हणून रूप बदललं. ‘लख’ म्हणजे लाख, बोलताना थोडं ‘लक्ख’सारखं. आणि ‘वधाई’ म्हणजे हिंदीतली बधाई. सगळं मिळून: गुरू नानक देव जींच्या प्रकाश पर्वाच्या लाख लाख शुभेच्छा. घरच्यांनाही द्यायच्या असतील तर सुरुवातीला ‘तुहानूं ते तुहाडे परिवार नूं’ जोडा, म्हणजे तुम्हाला आणि तुमच्या परिवाराला. दुसऱ्या गुरूंचं प्रकाश पुरब असेल तर फक्त नाव बदला, बाकी वाक्य तेच.

‘जयंती’ म्हणणं चूक आहे का? नाही. आपल्याकडच्या कॅलेंडरवर ‘गुरुनानक जयंती’ असंच छापलेलं असतं आणि कुणी त्यावरून रागावत नाही. पण शीख घरात शब्द येतो तो प्रकाश. आणि प्रकाश म्हणजे नुसता वाढदिवस नाही. गुरुद्वाऱ्यात रोज पहाटे गुरू ग्रंथ साहिब जी विधीपूर्वक उघडतात, त्यालाही प्रकाश करणं असंच म्हणतात. 1604 मध्ये अमृतसरच्या हरिमंदिर साहिबात या ग्रंथाचा पहिल्यांदा प्रकाश झाला, आणि त्या दिवसाचंही पुरब असतं. त्यामुळे ‘हॅपी बर्थडे गुरू नानकजी’ हे, आपला हेतू कितीही गोड असला तरी, कानाला खटकतं. केक आणि मेणबत्तीचं चित्र तर नकोच.

वेळेचंही सांगते. वाढदिवसासारखं रात्री बारा वाजता मेसेज टाकायची आपल्याला हौस. गुरुपुरबाला ती घाई नको. एक तर शिखांवरचा ‘बारा वाजले’ हा घाणेरडा विनोद त्यांनी जन्मभर ऐकलेला असतो, उगाच त्याची आठवण कशाला! आणि दुसरं म्हणजे त्या दिवशी ते झोपेत तरी असतात किंवा सेवेत तरी. आधीचे काही दिवस पहाटे प्रभात फेरी असते, गुरुद्वाऱ्यात अखंड पाठ चालू असतो. अखंड पाठ म्हणजे संपूर्ण गुरू ग्रंथ साहिब न थांबता वाचणं. त्याला साधारण 48 तास लागतात, वाचणारे आळीपाळीने बसतात. शिवाय पुरबाच्या दिवशी लंगरमध्ये पोळ्या लाटायच्या, भांडी घासायची, जोडे सांभाळायचे. माझी मैत्रीण त्या दिवशी फोन घरी ठेवून जाते. त्यामुळे सकाळी पाठवा आणि उत्तराची वाट बघू नका.

आता शहीदी पुरब. इथे ‘हॅपी’ नाही, ‘वधाई’ नाही, ‘शुभेच्छा’ही नाही. मराठीत आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहेत, वेगळं काही शोधायची गरज नाही:

‘श्री गुरू तेग बहादुर जींच्या शहीदी पर्वानिमित्त विनम्र अभिवादन.’

किंवा ‘शहादतीला कोटी कोटी प्रणाम’. पंजाबीतही ‘कोट कोट प्रणाम’ म्हणतातच. एवढं एक वाक्य. इमोजी टाकायचाच असेल तर हात जोडलेला. मी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ मात्र टाळते. तो शब्द आपल्याकडे चौकातल्या फ्लेक्सवर परवा गेलेल्या माणसासाठी इतका वापरला जातो की गुरूंच्या बाबतीत तो छोटा वाटतो. मैत्रिणीचं म्हणणं जरा वेगळं होतं: ‘गुरू गेले असं आम्ही मानत नाही ना. ज्योत तीच, दहा देहांतून आली आणि आता ग्रंथात आहे.’

यात एक फसवी जागा आहे, ती नीट सांगते. जूनच्या आसपास तुम्ही दिल्लीत, पंजाबात किंवा आपल्याकडेच एखाद्या गुरुद्वाऱ्याबाहेर बघाल, तर रस्त्यावर मांडव टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला थंडगार गुलाबी सरबत देत असतात. दूध, पाणी, साखर, गुलाबाचं सरबत, बर्फ. याला छबील म्हणतात. वातावरण एकदम जत्रेसारखं दिसतं, पोरं गाड्या थांबवून ग्लास हातात देतात. साहजिकच तोंडातून निघतं, ‘हॅपी गुरुपर्व!’ पण ती छबील गुरू अर्जन देव जींच्या शहीदी पुरबाची असते. 1606 साली लाहोरला, ऐन उन्हाळ्यात, त्यांना तापलेल्या तव्यावर बसवून अंगावर गरम वाळू ओतली असं परंपरा सांगते. त्या आगीच्या आठवणीत लोकांना गारवा द्यायचा. दुःखाचा दिवस आहे, पण रडत बसायचं नाही, तहानलेल्याला पाणी द्यायचं. त्यामुळे दिसणाऱ्या उत्साहावरून दिवस ओळखू नका. ग्लास दोन्ही हातांनी घ्या, ‘सत श्री अकाल जी’ म्हणा, प्या. आणि वेळ असेल तर थोडे ग्लास धुऊन द्या.

आणि इथेच मला सगळ्यात कामाची गोष्ट सापडली. अभिवादन वेगळं आणि शुभेच्छा वेगळ्या. शुभेच्छा दिवस बघून द्याव्या लागतात. अभिवादन कुठल्याही दिवशी चालतं. ‘सत श्री अकाल’ हे प्रकाश पुरबाला चालतं, शहीदी पुरबाला चालतं, मंगळवारी बसस्टॉपवर भेटलात तरी चालतं. दिवसाबद्दल शंका असेल तर ‘सत श्री अकाल’ म्हणून थांबा. काहीही चुकणार नाही.

याचा अर्थ काय? ‘सत’ म्हणजे सत्य, ‘अकाल’ म्हणजे काळाच्या पलीकडचा, ज्याला जन्म-मरण नाही तो. मराठीत आपल्याला ‘अकाली निधन’ माहीत असतं, त्यामुळे ‘अकाल’ ऐकून काहीतरी अशुभ वाटायची शक्यता आहे. इथे अर्थ अगदी उलटा आहे. पंजाबी तोंडी ते ‘सत सिरी अकाल’ असं ऐकू येतं. तुम्ही ‘श्री’ म्हणालात तरी चालतं. मोठ्यांशी बोलताना शेवटी ‘जी’ लावा.

दुसरं अभिवादन म्हणजे फतेह. ‘वाहेगुरू जी का खालसा, वाहेगुरू जी की फतेह.’ खालसा वाहेगुरूचा, विजयही वाहेगुरूचा, असा त्याचा अर्थ. 1699 च्या वैशाखीला आनंदपूर साहिबला गुरू गोबिंद सिंघ जींनी खालसा पंथ उभा केला, त्याच्याशी हे जोडलेलं आहे. अमृत घेतलेले शीख एकमेकांना हीच फतेह म्हणतात. यात दोन गोष्टी सांभाळायच्या. हे दोन भागांचं एक वाक्य आहे, अर्ध्यावर सोडायचं नाही. आणि उत्तरही तेच, तेवढंच, पूर्ण. ‘सेम टू यू’ नाही. बिगरशीख माणसाने फतेह म्हणू नये असं काही नाही, पण मी स्वतः आपणहून ‘सत श्री अकाल’ म्हणते आणि समोरून फतेह आली की पूर्ण फतेहने उत्तर देते. तेवढं पाठ करायला मला एक दिवस लागला, लिफ्टमध्ये पुटपुटत.

आणि ‘जो बोले सो निहाल’? हा जयकारा आहे. एक जण हे म्हणतो आणि सगळी संगत ‘सत श्री अकाल’ म्हणून पूर्ण करते. अरदास संपल्यावर, नगर कीर्तनात, मोठ्या प्रसंगी. कँटीनमध्ये मित्र दिसला म्हणून सिनेमातल्यासारखं ओरडायची ती गोष्ट नाही. त्याला अर्धवट राहिलेला जयकारा पूर्ण करावाच लागतो, आणि आपण हसत असतो. फार अवघड जागा होते त्याची.

तसंच ‘पाजी’. पंजाबीत तो भाऊ, प्रेमाचा शब्द. मराठीत ‘पाजी’ म्हणजे लबाड! दोघं समवयस्क दोस्त असाल आणि त्यालाच आवडत असेल तर म्हणा. पण ओळख नसलेल्या प्रत्येक पगडीवाल्याला ‘ओय पाजी’ म्हणणं आणि वर भांगड्याचा हात उडवणं, हे पुरबाच्या दिवशी तरी नको.

साधेपणाबद्दल मैत्रिणीचं एक म्हणणं मला पटलं. तिला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, तर सजवलेल्या फॉरवर्डचा. हलणाऱ्या चित्रात गुरू नानक देव जी आशीर्वाद देतायत, डोळे मिचकावतायत, खाली दुकानाचं नाव आणि फोन नंबर. शीख परंपरेत मूर्तिपूजा नाही. घरात गुरूंचं चित्र लावणारे खूप जण आहेत, चित्रही नको म्हणणारेही आहेत. पण स्टिकर करून नाचवलेले गुरू कुणालाच आवडत नाहीत. आणि गुरबाणीची ओळ कॉपी करून पाठवायचा मोहही मी सोडला. एक काना-मात्रा इकडची तिकडे झाली तरी त्यांना खटकतं, आणि ती ओळ खरंच तिथली आहे का हे आपल्याला तपासता येत नाही. आपल्या हाताने टाइप केलेलं एक साधं वाक्य, गुरूंचं पूर्ण नाव, पुढे ‘जी’. ‘नानक’ असं एकेरी नाही. ‘गोविंदसिंग’ असं मराठी वळण आपल्या अंगवळणी आहे, पण लिहिताना ‘गोबिंद सिंघ जी’ लिहिलं की त्यांना आपलं वाटतं.

आता एक कठीण उदाहरण, जे माझ्याच वाट्याला आलं. नोव्हेंबरच्या त्या फजितीनंतर मी ठरवलं की पुढचं पुरब चुकवायचं नाही. पुढचं मोठं होतं गुरू गोबिंद सिंघ जींचं प्रकाश पुरब. ते पौष शुद्ध सप्तमीला असतं, म्हणून इंग्रजी तारीख सरकत राहते. 2025 मध्ये तर ते दोनदा आलं, 6 जानेवारीला आणि पुन्हा 27 डिसेंबरला. म्हटलं, प्रकाश पुरब, म्हणजे वधाई, सोपं आहे. तरी पाठवण्याआधी विचारलं. बरं झालं विचारलं.

कारण डिसेंबरचा शेवटचा आठवडा हा साहिबजाद्यांच्या शहादतीचा असतो. गुरू गोबिंद सिंघ जींचे चार मुलगे. थोरले दोघे, अजीत सिंघ आणि जुझार सिंघ, चमकौरच्या लढाईत पडले. धाकटे दोघे, जोरावर सिंघ आणि फतेह सिंघ, अगदी लहान होते, त्यांना सरहिंदला भिंतीत चिणलं. आजी माता गुजरी जींनीही तिथेच प्राण सोडले. अनेक शीख घरांत या दिवसांत लग्नकार्य करत नाहीत, कुणी जमिनीवर झोपतं. म्हणजे ज्या आठवड्यात वडिलांच्या जन्माचा आनंद, त्याच आठवड्यात मुलांच्या बलिदानाचं दुःख. तिला विचारलं, मग मी काय लिहू? ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, ‘दोन्ही लिही. आम्ही पण दोन्ही पाळतो.’ मग मी लिहिलं:

‘श्री गुरू गोबिंद सिंघ जींच्या प्रकाश पर्वाच्या लाख लाख शुभेच्छा. साहिबजाद्यांच्या शहादतीला प्रणाम.’

ढोल नाही, फटाके नाहीत.

तारखांचा घोळ इथे संपत नाही. 2003 मध्ये नानकशाही नावाची दिनदर्शिका आली, तिच्यात बऱ्याच पुरबांना कायमच्या इंग्रजी तारखा दिल्या होत्या. 2010 मध्ये तिच्यात बदल झाले आणि काही दिवस पुन्हा तिथीवर गेले. आजही काही गुरुद्वारे आणि परदेशातले बरेच शीख मूळ तारखा पाळतात. मूळ दिनदर्शिकेत गुरू तेग बहादुर जींचा शहीदी दिवस दरवर्षी 24 नोव्हेंबरला येतो. आणि 2026 मध्ये कार्तिकी पौर्णिमा, म्हणजे गुरू नानक देव जींचं प्रकाश पुरब, नेमकी 24 नोव्हेंबरलाच आहे. आता बोला! तुमचा एक मित्र अमृतसरचा असेल आणि एक कॅनडातला, तर एकाच तारखेला दोघांना दोन वेगळे मेसेज लागू शकतात. फोनचं कॅलेंडर हे सांगणार नाही. मित्रच सांगेल.

आणि भाषा? मी तिला हेही विचारलं, पंजाबीत लिहू की मराठीत? ती हसली. ‘मी नांदेडची आहे. गुरू गोबिंद सिंघ जींनी 1708 मध्ये आमच्या गोदावरीकाठी देह ठेवला, आणि त्याआधी सांगितलं की आता गुरू ग्रंथ साहिब हेच गुरू. त्या गुरगद्दीचं पुरब आमच्याकडे भाऊबीजेच्या सुमाराला असतं. तू मला मराठीत लिहिलंस तर काय बिघडलं?’ म्हणून आता मी एवढंच करते: अभिवादन त्यांच्या शब्दांत, पुढचं वाक्य माझ्या भाषेत. ‘सत श्री अकाल जी. गुरू नानक देव जींच्या प्रकाश पर्वाच्या लाख लाख शुभेच्छा.’ चुकीच्या पंजाबीपेक्षा हे बरं.

मी तिला एकदा मोठ्या अभिमानाने म्हटलं होतं की आमच्या नामदेवांची 61 पदं तुमच्या ग्रंथात आहेत. ती म्हणाली, ‘आमच्या भगत नामदेव जींची.’ विषय संपला.

27 डिसेंबरला माझा मेसेज गेल्यावर दुपारी फोन वाजला. स्क्रीनवर मैत्रिणीचं नाव, पण आवाज दुसराच. तिची आजी, सगळे त्यांना बीजी म्हणतात. मेसेज नातीने वाचून दाखवला होता. मी घाईघाईत म्हटलं, ‘बीजी, सत श्री अकाल जी.’ पलीकडून शांतपणे फतेह आली, पूर्ण. मी एक श्वास घेतला आणि पूर्ण परत म्हटली. लिफ्टमधला सराव कामी आला. मग बीजी मराठीत म्हणाल्या, ‘पुढच्या पुरबाला मेसेज नको करूस पोरी. ये. लंगरमध्ये पोळ्या लाटायला माणसं कमी पडतात.’